वायरीचा झोळ

मसुऱ्याच्या बाजारात कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, महादू वायरमनचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. महादूला हे मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं, राग आपल्यात उपजत नव्हताच, तो गिऱ्हाइकांनी घातला. एक म्हणतो बटण वर घे, दुसरा म्हणतो खाली घे, आणि तिसरा सगळं काम झाल्यावर फ्यूजमध्ये तारेऐवजी खिळा अडकवतो आणि घरभर धूर झाला की महादूच्या नावाने बोंब मारतो. वीस वर्षं हे सोसल्यावर देवमाणूससुद्धा चिडला असता, आणि महादू काही देवमाणूस नव्हता.

पण सत्याऐंशी सालच्या आषाढात, गुरुदास मास्तरांच्या मागील दारी शिडीवर उभा असताना त्याला आपला राग गिळावा लागत होता. कारण शिडीखाली खुद्द मास्तर उभे होते. चौथीपासून सातवीपर्यंत महादू त्यांच्याच हाताखाली शिकला होता. वहीतली रेघ वाकडी आली की मास्तर पट्टी उभी धरून बोटांवर मारत. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना आता दहा वर्षं झाली होती, पण नजर अजून रेघांवरच होती.

"महादू, ती वायर लोंबते आहे."

"लोंबताच ती, गुरुजी. लोंबूकच व्हयी."

"लोंबायलाच हवी? अरे, बाकीची सगळी कशी ओळंब्यात नेलीस, आणि शेवटी हा झोळ?"

महादूने पकड कमरेला खोचली आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. सातापर्यंतच पोचला.

"गुरुजी, ह्या दिव्याचा कागद तुमीच माका वाचून दाखवलात. तेच्यात चित्र आसा. वायर भिंतीतून भायर इली, की आधी खाली उतरवची, आणि मगे वर नेऊन पेटयेत घालची. पाणी वायरीवरून धावता. झोळाच्या तळाक इला की थंयच ठिबकता. वर चढणा नाय. वायर सरळ ओढली तर ता सगळा पाणी पेटयेत जातला."

"हो, पण दिसायला…"

"दिसाक वायट दिसांदे. पेटतलो तरी."

मास्तरांना पटलं नव्हतं, हे त्यांच्या मानेवरूनच कळत होतं.

दिवा साधासुधा नव्हता. मास्तरांचा मुलगा बाबू बोटीवर होता, त्याने तो दुबईहून आणला होता. काचेच्या मागे बोटाएवढी कांडी, तिचा उजेड पाचशे वॅटचा. आणि पोटाखाली एक पांढरा, फुगीर डोळा. समोरून माणूस गेला की हा डोळा माणसाच्या अंगची ऊब हलताना ओळखतो आणि दिवा लावतो. हालचाल थांबली की मिनिटाभराने विझवतो. बटण नाही, काही नाही. दिवसा लागत नाही, काळोख पडायला लागला की जागा होतो. असा दिवा महादूने जन्मात पाहिला नव्हता. आंगणेवाडीच्या जत्रेला शंभर शंभर बल्बांच्या माळा लावणारा माणूस तो, पण खोक्यातून हा दिवा बाहेर काढताना त्याचे हात लहान मूल उचलावं तसे जपून चालत होते. काचेची कांडी तर त्याने कागदात धरूनच बसवली, कारण बोटांचं तेल लागलं तर तापल्यावर ती तडकते, असं त्या कागदात लिहिलं होतं.

दिवा आणला होता अक्कांसाठी. अक्का म्हणजे मास्तरांची बायको. नाव नर्मदा, पण गावात ते कुणी घेत नसे. घर टेकाडावर. मागील दारातून सात चिरेबंदी पायऱ्या खाली उतरायच्या, तेव्हा विहीर, न्हाणी आणि गोठा. वैशाखात तिन्हीसांजेला अक्का शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या आणि मनगट मोडून बसल्या. बाबू तेव्हा सुट्टीवर होता, त्या पायऱ्यांसाठीच दिवा घेऊन आलेला. त्याने दिवा मास्तरांच्या हातात दिला आणि साफ सांगितलं, "हो दिवो लाव. परत एकदा आई पडली, तर मी तुमका दोघांकय डोंबिवलीक घेऊन जातलंय. गाय विकून टाक."

डोंबिवली म्हणजे तिसऱ्या माळ्यावरच्या दोन खोल्या. अक्कांनी ते ऐकलं आणि गोठ्यात जाऊन गायीच्या अंगावर हात ठेवून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. महादूला हे शेजारच्या सीतेने सांगितलं होतं. शाळेत असताना दुपारच्या सुट्टीत घरी जायला त्याला लांब पडे, तेव्हा ह्याच मागील दारी बसून तो अक्कांच्या हातची पेज जेवला होता. ह्या बाईला ह्या घरातून कुणी उचलून नेता कामा नये, आणि ते आता आपल्या हातात आहे, असं त्याने मनाशी धरलं होतं.

म्हणून तर काम त्याने जीव लावून केलं. चिऱ्याच्या भिंतीला छिन्नीने भोक पाडलं तेसुद्धा आतून बाहेर उतरतं, म्हणजे पाऊस उलटा घरात येणार नाही. वायर ओवल्यावर भोक पुट्टीने गच्च बुजवलं. पेटीच्या बाजूला वायर आत शिरते तिथे रबरी कडी आणि वरून पितळी नट. नट आवळला की कडी वायरीला चहूबाजूंनी घट्ट धरते. अर्थिंगची तार वेगळी. डोळा पायऱ्यांवर आडवा रोखला, कारण सरळ अंगावर येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला लवकर दिसतो. आणि वीतभर खाली उतरलेला, काळ्या वायरीचा गोल झोळ.

संध्याकाळी दिवा चालू करून बघितला. मास्तर पायऱ्या उतरले आणि भस्सकन उजेड पडला. गोठ्यातली गाय दचकून उभी राहिली. सीता कुंपणापलीकडून "आगे बाये!" म्हणून ओरडली. अक्का दारात आल्या, एका हाताने चौकट धरली, दुसरा हात कपाळावर आडवा धरला.

"कसो आसा, अक्का?"

"बरो आसा, पुता," अक्का म्हणाल्या. "मस्त उजेड." आणि लगेच आत गेल्या.

महादू सायकलवरून घरी जाताना शीळ घालत होता.

आठ दिवसांत निरोप आला. दिवा आपोआप लागतो आणि आपोआप विझतो.

महादू गेला. भरपूर पाऊस होऊन गेला होता, कौलांचे नळे अजून गळत होते. त्याने शिडी लावली, वर चढला आणि बघतो तो काय, झोळ नाही! वायर सुंभाने वर ओढून दिव्याच्या लोखंडी पट्टीला बांधून टाकलेली. रबरी कडी एका अंगाला दाबली गेली होती, दुसऱ्या अंगाला फट पडली होती, आणि वायरीवरून येणारं पाणी सरळ त्या फटीत उतरत होतं. पेटी उघडली तर आत पेलाभर पाणी. पांढऱ्या डोळ्याला आतून दव आलेलं. त्या दमटपणाने आतलं यंत्र बावचळलं होतं आणि समोर कुणी नसताना माणूस आला, माणूस आला म्हणून दिवा लावत होतं.

महादूच्या डोक्यात सणक गेली. पण खाली मास्तर.

"गुरुजी, वायर कोणी वर बांधली?"

"कुणी म्हणजे?"

"हो झोळ मी खाली सोडलेलो. आता वर बांधलेलो आसा."

"मी हात लावलेला नाही."

"मगे काय वायर आपणच सुंभ घेऊन वर गेली?"

हे तोंडातून गेलं आणि महादूने जीभ चावली. मास्तरांचा चेहरा लाल झाला. "महादेव," ते म्हणाले. पूर्ण नाव घेतलं म्हणजे पूर्वी छडीच मिळायची. "मला तो झोळ आवडला नव्हता, हे मी तुझ्या तोंडावर सांगितलं होतं. जे मी तोंडावर सांगतो, ते मी पाठीमागे करत नाही."

अक्का आत चुलीपाशी होत्या. त्या चूल फुंकत राहिल्या.

महादूने मेन बंद केला, पेटी पुसली, उन्हाची तिरीप होती तेवढ्यात डोळा सुकवला, नवी रबरी कडी घातली, नट आवळला, झोळ परत खाली सोडला. सगळं करताना त्याचं एक मन म्हणत होतं, मास्तर खोटं बोलणार नाहीत. आणि दुसरं म्हणत होतं, सरळ रेघेसाठी हा माणूस काहीही करील.

श्रावण लागला. पंधरा दिवस बरे गेले. मग एका सकाळी बाजारात, चहाच्या दुकानात, शंकर खोताने सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय रे महादू, दुबयच्या दिव्यात विहीर खणलंस म्हणतत?" दुकान हसलं. महादूने कप खाली ठेवला. मग शंकरनेच सांगितलं, की मास्तर पोस्टात म्हणत होते, दिवा परत बिघडला, कालपासून मुळीच लागत नाही, फ्यूज उडतो, महादूच्या कामात झोळ आहे.

झोळ! तो शब्द आता गावभर झाला होता. ज्या झोळाने पाणी बाहेर राहतं तोच शब्द त्याच्या नावाला चिकटला होता, आणि तोही उलट्या अर्थाने. शंकरने नव्या घराचं वायरिंग महादूला द्यायचं कबूल केलं होतं. आता तो "बघूया" म्हणाला. बघूया म्हणजे काय, ते महादूला चांगलं ठाऊक होतं.

तो तडक मास्तरांकडे गेला. शिडी लावली. झोळ पुन्हा वर! ह्या वेळी सुंभ नव्हता, लुगड्याच्या काठाची चिंधी होती, पण महादू इतका संतापला होता की चिंधीकडे त्याचं लक्षच गेलं नाही. त्याने ती ओरबाडून काढली आणि खाली फेकली.

"गुरुजी, आता मात्र हात टेकले. तुमी दुसरो वायरमन बघा."

"तू तुझं निकृष्ट काम माझ्यावर ढकलू नकोस." मास्तरांचाही आवाज चढला. त्यांनी खिशातून पत्र काढलं. "हे बघ. बाबू गणेशचवथीला येतो आहे. विचारतो, दिवा चालतो ना? आई पायऱ्या उतरते ना? मी काय लिहू? अरे, मला त्या डोंबिवलीत जायचं नाही, आणि तिला तर तिथे नेली तर ती महिनाभरसुद्धा… माझ्या घराचा प्रश्न आहे, आणि मी वायर वर बांधीन?"

शेवटचं वाक्य बोलताना म्हाताऱ्याचा आवाज फुटला. महादू त्यांच्याकडे बघतच राहिला. मास्तरांना रडकुंडीला आलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याचा राग तिथल्या तिथे लुळा पडला. ह्यांनी बांधलेली नाही, हे त्याला एकदम पटलं. मग बांधली कोणी? माकडं सुंभाच्या गाठी मारत नाहीत.

त्याने पुन्हा मेन बंद केला, पुन्हा पेटी पुसली, गंजलेलं टोक घासून साफ केलं, पुन्हा कडी, पुन्हा नट, फ्यूजला नवी तार. झोळ खाली सोडला. आणि ठरवलं, आता ह्याचा छडा लावायचा. तसा पाणी गेलेला दिवा म्हणजे नुसती गंमत नव्हती. लोखंडी पेटी, ओली भिंत. उद्या अर्थिंगची तार खाऱ्या दमटपणात सुटली आणि कुणी ओल्या हाताने पट्टीला धरलं, तर पायरीवरून पडणं परवडलं म्हणायची पाळी यायची.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तो मागच्या पाणंदीने आला आणि गोठ्याच्या भिंतीआड उभा राहिला. त्या डोळ्याला भिंतीपलीकडचं दिसत नाही, हे त्याला माहीत होतं. पाऊस नुकताच थांबला होता, माडांवरून पाण्याचे थेंब टपटपत होते. मास्तर ह्या वेळी देवळात जात. घर शांत होतं. चोरासारखं उभं राहायची त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि डास चावत होते ते वेगळेच.

मागील दार करकरलं. अक्का बाहेर आल्या. एका हातात आंबे उतरवायची आकडीची काठी, दुसऱ्यात चिंधी.

त्यांनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि दिवा भस्सकन पेटला. अक्कांनी जोरात डोळे मिटले, तोंड फिरवलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने, डोळे मिटलेलेच ठेवून, त्यांनी काठी वर केली. आकडी भिंतीवर इकडे तिकडे चाचपत फिरली. झोळ सापडला. त्यांनी तो आकडीने वर उचलला आणि टाचा उंचावून दुसऱ्या हाताने पट्टीवरून चिंधी कुठे टाकावी ते चाचपू लागल्या.

"अक्का!" महादू गोठ्याआडून बाहेर आला.

काठी हातातून सुटली आणि पायऱ्यांवरून खडखडत खाली गेली. "कोण? कोण ता?"

तो उजेडात, त्यांच्यापासून दहा हातांवर उभा होता. "मी महादू गो. अक्का, तुमी? तुमी बांधतंत ती? आणि मी हंय गुरुजींवांगडा भांडून जीव देऊक बसलंय! बाजारात माजी लाज गेली. शंकरान काम काढून घेतल्यान. कित्याक गो असा करतंत?"

अक्का मटकन पायरीवर बसल्या. ओल्या पायरीवर, लुगडं भिजेल ह्याचाही विचार न करता. महादू पायऱ्या चढून त्यांच्याजवळ गेला. त्याला ओरडायचं होतं. महिनाभराचा राग गळ्यापर्यंत आला होता. पण अक्कांचा चेहरा बघून त्याला ते जमेना.

"माका जनावर वाटला रे," त्या हळूच म्हणाल्या.

तिन्हीसांजेला सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात.

"पयल्याच राती दिवो पेटलो आणि वर बघतंय तर काळा काळा जनावर लोंबता. वाऱ्यान हलता. मी सीतेक हाक मारलंय. ती इली आणि हसाक लागली. म्हणाली, अक्का, ती वायर गो! मी पण हसलंय. काय करतलंय?"

"मगे? कळला ना वायर आसा म्हणून?"

"कळला. म्हणूनच तर बांधलंय." अक्कांनी त्याचा हात धरला. "उंदरांच्या पाठी जनावरां येतत रे वाशांवर. आजपर्यंत लोंबता ता जनावर, इतक्या तरी माका कळा होता. आता रोज थंय वायर लोंबाक लागली. एके दिवशी खरोच इलो, तर मी वायर म्हणून तेच्याखालसून जातलंय. माका फरक कळाचो नाय."

महादूने वर दिव्याकडे पाहिलं. "फरक कळाचो नाय म्हणजे? इतक्या उजेडात?"

"उजेडात तर मुळीच नाय." अक्का बोलल्या आणि बोलून गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं. पण आता मागे घ्यायला उशीर झाला होता. "काळोखात बरा दिसता रे माका. म्हणजे दिसणा नाय, पण सात पायरी मोजतंय, हात भितीक, उतरतंय. हो दिवो पेटलो की सगळा पांढराफटक. तांदळाची पेज डोळ्यांत वतल्यासारख्या. पायरी खंय, हवा खंय, काय समजणा नाय. मी डोळे मिटूनच उतरतंय."

"कधीपासून?"

"दोन वर्सां झाली. वैशाखात पडलंय ती मोजताना चुकलंय. गाय हंबारली, माजो आकडो गेलो."

महादूही त्यांच्या शेजारी बसला. दिव्यावर केलेली सगळी मेहनत, ती छिन्नी, ती पुट्टी, नटाचे ते आटे, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं आणि त्याला हसावं की रडावं ते कळेना. जो उजेड ह्या बाईला सांभाळायला आणला, तोच तिला आंधळी करत होता. आणि तिने तोंडातून ब्र काढला नव्हता. वर "मस्त उजेड" म्हणाली होती!

"अक्का, हो मोतीबिंदू आसतलो. ऑपरेशन जाता. मालवणाक कॅम्प लागता."

"आणि बाबूक कळला तर? आईक दिसणा नाय म्हटल्यार तो एक दिवस माका हंय ठेवतलो?"

दोघंही निश्चल बसून होती. समोर काहीच हलत नव्हतं म्हणून दिवा विझला. एकदम अंधार झाला, आणि अक्कांनी सुटकेचा श्वास टाकला. डोळे उघडले. महादू हलला नाही. हललो तर पुन्हा पेटेल, म्हणून हात मांडीवर धरून बसून राहिला.

"माजा एक काम करशीत, महादू?"

"सांगा."

"ह्यांका सांग, तुजाच चुकला. वायर तू वर बांधलंस, आता खाली सोडतंस. मी परत हात लावूचंय नाय. तुका वायट वाटतला ता माका कळता. पण तुका बाजारात दुसरी कामा गावतली. माका दुसरा घर गावाचा नाय."

महादूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपलं नाव आणखी घालवायचं? ज्या कामात तसूभर चूक नाही, ते चुकलं म्हणून कबूल करायचं? तो "नाय" म्हणणार होता. नाय, अक्का, ह्या माका जमाचा नाय. शब्द अगदी ओठांवर आला होता.

तेवढ्यात दिवा पेटला.

महादूने दचकून समोर पाहिलं. न्हाणीच्या बाजूने मास्तर आले होते. पाय धुऊन, चपला हातात घेऊन, मागल्या दाराने घरात जायला. ते पायऱ्यांच्या तळाशी उभे होते, उजेडाच्या मधोमध, अक्कांच्या समोर, फार तर चार हातांवर. अक्का आणि महादू असे ओल्या पायऱ्यांवर बसलेले बघून त्यांनी विचारायला तोंड उघडलं होतं.

अक्कांनी कपाळावर हात आडवा धरला, डोळे किलकिले केले आणि समोर पाहिलं. सरळ मास्तरांच्या तोंडाकडे.

"बघलंस? आपसूक पेटलो," त्या वैतागून म्हणाल्या. "परत पाणी गेला तुज्या पेटयेत. हंय कोण आसा? तू आणि मी."

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं.

महादूला काहीतरी बोलायचं होतं. त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर त्याच्याकडे बघतच नव्हते. ते आपल्या बायकोच्या डोळ्यांकडे बघत होते. त्या डोळ्यांत दिव्याचं प्रतिबिंब होतं आणि दुसरं काही नव्हतं.

"दिवो नसतो आणलो तर बरा झाला असता," अक्का पुढे बोलत होत्या. "पण तेंका नको सांगू हां. तेंका वाटता, माका दिसता. वर्तमानपत्र वाचून दाखवतत, फोटो बघ म्हणतत, मी हूं म्हणतंय. चेहरो बघलंय तेंचो तेका किती दिवस झाले काय म्हायत. आता म्हातारे दिसत असतीत. नको सांगू, पुता. तेंच्या जीवाक लागतला."

मास्तरांनी काहीच केलं नाही. चपला हातात, तोंड तसंच, पापणीसुद्धा हलवली नाही. माडांवरचं पाणी टपटपत होतं. महादूला वाटलं, आता बोलतील, आता ओरडतील, आता रडतील. ते इतके स्तब्ध उभे राहिले, की मिनिट सरलं आणि समोर कुणी नाही असं समजून दिवा विझून गेला.

"गेलो बघ," अक्का म्हणाल्या. "सांगलंय ना, कोण नाय."

मग पायऱ्यांच्या तळाशी, चार हातांवरून, मास्तरांचा आवाज आला.

"मी आसंय गो हंय."

अक्कांचा हात महादूच्या हातात थंडगार पडला. मास्तर पुढे झाले, तसा दिवा पुन्हा भस्सकन पेटला. अक्कांनी घाईने तोंड फिरवलं. मास्तर पायऱ्या चढून आले, दिव्याकडे पाठ करून तिच्यापुढे उभे राहिले आणि त्यांची सावली तिच्या तोंडावर पडली.

"महादू," ते म्हणाले, "मेन बंद कर आधी."